मदत हवी आहे: लाइट जाऊन आली की फक्त लॅपटॉपचं नेट तुटतं

जुळे_सोलापूरकर
मुलीचा ऑनलाइन क्लास चालू असतो. लाइट जाऊन आली की तिच्या लॅपटॉपचं नेट दोन मिनिटं चालतं, मग एक मिनिट बंद. वायफायची खूण पूर्ण दिसते आणि मोबाइल व्यवस्थित चालतात. कधीकधी आयपी अॅड्रेस कॉन्फ्लिक्टची सूचना येते. परीक्षा जवळ आली आहे, कृपया सांगा.

होटगी_रोड
आमच्याकडे पण तेच. रस्ता खोदताना केबल तुटली होती, तीन दिवस गेले. कंपनीला फोन लावा.

तारजोड
केबल तुटली असती तर मोबाइलही बंद पडले असते. दादा, घरात कॅमेऱ्याचा डीव्हीआर आहे का?

जुळे_सोलापूरकर
आहे. बसवणाऱ्याने काहीतरी १९२.१६८.१.१० असं लिहून दिलं होतं.

मधला_मारुती
मग सोपं आहे की! लॅपटॉपला हाताने 192.168.1.50 द्या.

तारजोड
आज चालेल. पण राउटर ५० नंबर उद्या पाहुण्याच्या मोबाइलला देईल आणि भांडण परत सुरू. आधी खात्री करा. लॅपटॉप पूर्ण बंद ठेवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर हे चालवा:

```
ping 192.168.1.10
arp -a
```

लॅपटॉप बंद असताना उत्तर आलं, तर त्या पत्त्यावर दुसरं कुणीतरी बसलंय. यादीत त्या पत्त्यासमोरचा मॅक नंबर डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूतल्या नंबराशी ताडून बघा.

जुळे_सोलापूरकर
तारजोडदादा, उत्तर आलं आणि नंबरही जुळला! पण रोज का नाही होत, लाइट गेल्यावरच का?

तारजोड
डीव्हीआर चालू असताना लॅपटॉपने १० नंबर मागितला, तर वापरण्याआधी तो विचारून बघतो, इथे कुणी आहे का. उत्तर आलं की दुसरा पत्ता घेतो. लाइट आल्यावर राउटर आधी उठतो, डीव्हीआरला जास्त वेळ लागतो. त्या मधल्या वेळात लॅपटॉपला तो पत्ता रिकामा वाटतो. नंतर डीव्हीआर आपला पक्का पत्ता घेऊन उठतो. मग राउटर कधी याला पॅकेट पाठवतो, कधी त्याला.

राउटरच्या DHCP पानावर सुरुवात 192.168.1.100, शेवट 192.168.1.200 करा. डीव्हीआरला हात लावू नका, म्हणजे कॅमेऱ्यांची सेटिंगही जशीच्या तशी राहील. मग लॅपटॉपवर:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

जुळे_सोलापूरकर
केलं. लॅपटॉपला १०३ मिळाला. आज संध्याकाळी मुद्दाम राउटर आणि डीव्हीआर दोन्हींचा स्विच बंद-चालू करून बघितला, क्लास एकदाही तुटला नाही. खूप आभार. हॉलमधला टीव्ही मात्र अजून मधेच अडकतोय. त्याला ११८ मिळालाय.

तारजोड
११८ वर दुसरं कुणी नसेल. तरी टीव्ही बंद करून तसाच पिंग करून बघा. उत्तर आलं नाही तर कारण वेगळं आहे. टीव्ही राउटरपासून किती लांब आहे?