'निषिद्ध' पट्टा म्हणायचं की नुसती 'फट'?

अनघा: एम.एस्सी.च्या मुलांसाठी क्रोनिग-पेनी प्रतिकृतीवर मराठीत टिपण लिहितेय. १९३१ साली या दोघांनी स्फटिकातलं विभव एकसारख्या चौकोनी विहिरींची रांग म्हणून मांडलं. इलेक्ट्रॉनला ज्या ऊर्जा घेता येतात त्यांना 'अनुमत पट्टा' ठीक वाटतो, पण ज्या घेता येत नाहीत त्यांना 'निषिद्ध' म्हटलं की कुणीतरी बंदी घातल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द सुचतो का?

श्रीधर: 'वर्ज्य' घ्या. भूपात म आणि नी वर्ज्य असतात, तसं.

रोहन: मला निषिद्धच बरोबर वाटतं. तेवढ्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनला विहिरीची भिंत ओलांडता येत नाही, म्हणून मनाई.

देशपांडे सर: रोहन, भिंतीमुळे हे घडतं इथपर्यंत ठीक. पण भिंतीहून कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉनही शेजारच्या विहिरीत झिरपतो, त्यातूनच तर अनुमत पट्टे होतात. आणि भिंतीच्या उंचीच्या वरही फटी सापडतात. म्हणजे फट पडते ती भिंती ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात म्हणून. भिंती खूप उंच आणि खूप पातळ करत नेल्या की एवढंच उरतं:

`P·sin(αa)/(αa) + cos(αa) = cos(ka)`

α ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, a हे एका विहिरीच्या मध्यापासून पुढच्या विहिरीच्या मध्यापर्यंतचं अंतर, k इलेक्ट्रॉनच्या लाटेचा तरंगांक आणि P भिंतीचा जोर. उजवी बाजू −१ ते १ च्या बाहेर जात नाही. `P = 3π/2` घ्या. `αa = π` ला डावी बाजू −१ येते, ३.५ ला −१.४१ आणि `3π/2` ला पुन्हा नेमकी −१. मधल्या ऊर्जांना वास्तव संख्येतला k मिळतच नाही. a ३ अँगस्ट्रॉम धरला तर ही फट साधारण ४.२ ते ९.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

मृणाल: शब्दाचं माहीत नाही, पण माझा आलेख मध्ये मध्ये तुटतोय आणि `nan` येतंय. दोन तास चूक शोधतेय.

```python
k = np.arccos(P*np.sin(x)/x + np.cos(x))
```

देशपांडे सर: `x` शून्यापासून सुरू केला नसेल तर चूक नाही. जिथे `nan`, तिथे फट. π च्या लगेच पुढे तुटतो का बघ.

मृणाल: हो! ३.१४ च्या पुढे तुटतो, ४.७१ ला परत सुरू होतो.

अनघा: मग 'वर्ज्य' नको. गायकाला म लावता येतो, तो लावत नाही. इथे उत्तरच नाही.

देशपांडे सर: न संपणाऱ्या रांगेत नाही. फटीतल्या ऊर्जेला लाट एका दिशेला विरत जाते, दुसरीकडे फुगत जाते, म्हणून ती बाद. पण रांग एका टोकाला तोडा: विरणारी लाट आत आणि पृष्ठभाग टोकाला, अशी अवस्था फटीतही बसू शकते. टाम यांनी १९३२ मध्ये हेच दाखवलं.

श्रीधर: म्हणजे वर्ज्य स्वर कधीतरी विवादी म्हणून हलकेच लागतो, तसंच झालं की! माझा शब्द अजून टिकून आहे.

अनघा: परीक्षेत येतो म्हणून मथळ्यात 'निषिद्ध' ठेवते, मजकुरात 'फट'. 'फटीतली अवस्था' म्हणता येतं. 'वर्ज्यातली अवस्था' कसं म्हणणार?