'प्रणोद' की 'रेटा'? आणि आयन थ्रस्टर 'कार्यक्षम' म्हणजे कशात?

खडूशाई: मुलांसाठी नासाच्या डॉन या अवकाशयानावर लिहिते आहे. वाक्य असं झालंय : 'आयन थ्रस्टरचा प्रणोद कमी, पण कार्यक्षमता जास्त.' 'प्रणोद'पाशी मुलं अडखळतात. आणि कमी जोराचं इंजिन कार्यक्षम कसं, हे मलाच पटत नाही.

रानवाट: 'रेटा' लिहा. रेटारेटी लोकलमधल्या कुणालाही कळते.

वायरमन: विजेवर चालतं म्हणून कार्यक्षम. विजेची मोटार पेट्रोल इंजिनापेक्षा कमी ऊर्जा वाया घालवते, तसंच हे.

टंकसाळ: वायरमन, अर्धंच बरोबर. इथे हिशोब विजेचा नाही, सोबत नेलेल्या वायूचा आहे. डॉनवर 425 किलो झेनॉन होता. त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन काढायचा, की त्याचा आयन होतो, आणि मग मोठ्या व्होल्टेजच्या जाळ्यांतून तो बाहेर फेकायचा. तो सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने सुटतो. रासायनिक इंजिनाचा झोत 3-4 किलोमीटरचा, म्हणजे इथे दर किलोमागे सातआठपट तरी ढकल जास्त मिळते.

पण वेग दहापट केला की ऊर्जा शंभरपट लागते. सौरपंखांची वीज तेवढीच असते, म्हणून थोडाच वायू सोडता येतो आणि रेटा घटतो. तुमच्या वाक्यातला 'पण' काढा, तिथे 'म्हणूनच' हवा.

सायकलवाला: म्हणजे आमची मोपेड! ॲव्हरेज झकास, घाटात उतरून ढकलायची.

टंकसाळ: घाटाचं खरं आहे. जमिनीवरून उठायला हे इंजिन निरुपयोगी, डॉनला 2007 साली नेहमीच्या रॉकेटनेच वर नेलं. पूर्ण रेटा सुमारे 90 मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर दोन ए-फोर कागदांचं वजन. यान बाराशे किलोंचं, म्हणून दिवसभर रेटूनही वेग ताशी पंचवीसेक किलोमीटरनेच वाढतो. मात्र अवकाशात अडवायला हवा नाही आणि हा रेटा वर्षानुवर्षं चालू ठेवता येतो. डॉनने एकूण जवळपास सहा वर्षं इंजिन चालवून वेगात सेकंदाला सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बदल साधला. म्हणून ते 2011 मध्ये वेस्टा या लघुग्रहाभोवती फिरलं, 2012 मध्ये तिथून निघालं आणि 2015 मध्ये सेरेस या बटुग्रहाभोवतीच्या कक्षेत शिरलं. रासायनिक इंजिनाने हे करायचं तर टाकीच यानापेक्षा कितीतरी जड झाली असती.

वायरमन: सूर्यापासून लांब गेल्यावर वीज कमी होत असणार ना?

टंकसाळ: होते, आणि रेटाही त्याबरोबर उतरतो. सेरेसपाशी डॉनला पूर्ण जोर मिळत नव्हता.

खडूशाई: मग 'कार्यक्षम'ऐवजी 'इंधनात काटकसरी' लिहू?

टंकसाळ: झेनॉन जळत नाही, म्हणून 'इंधन' खटकतं. 'प्रणोदक' म्हणा.

खडूशाई: प्रणोदक म्हणजे वायू की यंत्र, हे मुलं विचारणारच!

रानवाट: यंत्राला 'रेटक'!

खडूशाई: 'रेटा' घेते. 'रेटक' मात्र नको, थ्रस्टर थ्रस्टरच राहू दे. वायूचं अजून ठरत नाही.