चेहरा कापून शोधा

एका गोष्टीत व्हॉट्सॲपवर आलेला फोटो खरा की बनावट, असा प्रश्न वर्तमानपत्राच्या संपादकापुढे पडतो. त्यावर कुणीतरी म्हटलं, "गोष्टीतल्या संपादकाने एक्झिफ डेटा बघितला असता तर दहा मिनिटांत निकाल लागला असता."

नसता लागला. एक्झिफ म्हणजे फोटो कधी, कुठे, कोणत्या कॅमेऱ्याने काढला याची फाइलमधली नोंद. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून जाते, खऱ्या फोटोचीही. मी रात्रपाळीला असताना मोर्चातला असाच एक फोटो आला होता. चेहऱ्यावर उजेड डावीकडून, आणि हनुवटीची सावलीही मानेवर डावीकडेच! पण एवढ्यावर फक्त शंका घेता येते. मग चेहरा कापून टाकला आणि नुसती मागची गर्दी गूगल लेन्सला दिली. जुना फोटो निघाला: तोच फाटका झेंडा, तीच माणसं, चेहरा दुसराच. तो सापडला नसता तरी मी पान त्या फोटोशिवायच छपाईला सोडलं असतं. म्हणून गोष्टीतल्या संपादकाने फोटो उतरवून तिथे जाहिरात सरकवली, ते मला अगदी पटलं.