प्रत दुसऱ्या यंत्रावर शोधा

'लॅपटॉपवर पासवर्ड साठवलेली kdbx फाइल डिलीट झाली, सिंक होऊन मोबाइलवरूनही गेली. आता संपलं ना?'

नाही. यंत्रांमध्ये फाइल्स सिंक करणाऱ्या सिंकथिंगमध्ये व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या प्रती ठेवण्याची सोय, मोबाइलवर चालू असेल, तर जुनी प्रत तिथेच असते, कारण दुसऱ्या यंत्राकडून बदल आला तरच ते आधीची प्रत जपून ठेवतं. लॅपटॉप उकरत बसू नका, मोबाइलवर त्याच फोल्डरमधलं लपलेलं `.stversions` बघा. मला तिथे तारखा लागलेल्या चार प्रती मिळाल्या, पण पहिलीला पासवर्डच लागेना! घाम फुटला. मग आठवलं, मास्टर पासवर्ड मी मार्चमध्ये बदलला होता आणि ही प्रत फेब्रुवारीतली. जुना टाकला, उघडली. शेवटची प्रत मात्र नव्या पासवर्डनेच उघडली.

बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमधल्या इमर्जन्सी ॲक्सेसचं, म्हणजे विश्वासू माणसाला आपलं खातं उघडता येण्याच्या सोयीचं म्हणाल तर, खातंच डिलीट केलं असेल तर त्यातून काही मिळत नाही.