मदत हवी आहे : आईच्या एका डोळ्याची बाहुली मोठी दिसतेय

धागाकर्ता : आई ६४ वर्षांची, मधुमेह जुना. परवा डाव्या डोळ्याची पापणी पूर्ण खाली आली. बोटाने उचलली तर डोळा बाहेर आणि जरा खाली वळलेला, एकाची दोन माणसं दिसतात म्हणाली. डॉक्टरांनी टॉर्च मारून, बोट फिरवून पाहिलं. "साखरेमुळे तिसरी नस गेलीये, बाहुली चांगली आहे, तीनेक महिन्यांत सुधारेल. बाहुलीवर मात्र लक्ष ठेवा," म्हणाले. आज टॉर्च मारला तर उजवी झटकन लहान होते, डावी मोठीच राहते. अंधारात फरक फारसा कळत नाही. डोकंही दुखतंय. सोमवारची तारीख आहे, थांबू का?

माळकरी : घाबरू नका. मलाही शुगरमुळे असंच डबल दिसायचं, डोळा बाहेरच्या बाजूला वळायचाच नाही. पट्टी बांधून काम चालवलं, आपोआप बरं झालं.

निशिगंध७ : बाहुली उजेडाला दाद देत नाही म्हणजे दृष्टीची नस गेली. रेटिना तपासून घ्या.

डोळेवाली डॉक्टर : थांबू नका, आत्ता निघा. जिथे रात्रीही सीटी अँजिओग्राफी होते अशा ठिकाणी न्या.

माळकरी, तुमची सहावी नस होती. ती डोळा फक्त बाहेर वळवते, बाहुलीशी तिचा संबंध नाही.

निशिगंध, उजेडाची वर्दी दृष्टीच्या नसेतून मेंदूत जाते, पण लहान होण्याचा हुकूम तिथून दोन्ही बाहुल्यांना सारखाच सुटतो. त्यामुळे ती नस अधू झाली तरी दोन्ही बाहुल्या एकाच मापाच्या राहतात. इथे उजेडात फरक वाढतो, म्हणजे डाव्या डोळ्यापर्यंत हुकूम पोचत नाही. तो नेते तिसरी नस, आणि पापणी उचलणारीही तीच.

बाहुलीचे तंतू या नसेच्या बाहेरच्या थराला असतात. साखर आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करते, म्हणून बाहुली बहुधा वाचते. शेजारच्या धमनीला आलेला फुगा बाहेरून दाबतो, तेव्हा हेच तंतू चेपले जातात. तो फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो.

निशिगंध७ : पण मधुमेहातही बाहुली थोडी मोठी होते असं वाचलंय.

डोळेवाली डॉक्टर : होते कधीकधी, फरक बहुधा एखाद्या मिलिमीटरचा. पण ते घरी टॉर्चने ठरत नाही. खरं तर परवाच स्कॅन करायला हवं होतं का, यावर आमच्यातही दोन मतं आहेत. पापणी अर्धवटच पडलेली असती, तर चांगल्या बाहुलीवर मी विसंबले नसते.

धागाकर्ता : गाडी सांगितली आहे. तिथे काय सांगू? सगळे कागद घेतलेत.

डोळेवाली डॉक्टर : कागदांआधी एवढंच सांगा : परवा बाहुल्या सारख्या होत्या, आज डावी मोठी आहे आणि डोकं दुखतंय. बाहुली मोठी करणारे थेंब तपासणीआधी कुणाला घालू देऊ नका.