'नोटिफायेबल' आजाराला मराठीत काय म्हणाल?

मेधा: बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत लावायच्या तक्त्याचा अनुवाद करतेय. 'नोटिफायेबल डिसीज'साठी मी 'अधिसूचित आजार' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'कळवणे बंधनकारक असलेला आजार' केलं. फार लांबलचक वाटतं. तुम्ही काय म्हणाल?

श्रीपाद: अधिसूचना सरकार काढतं. 2012 मध्ये क्षयरोगाबाबत केंद्राचा आदेश निघाला, ती अधिसूचना. डॉक्टर देतो ती वर्दी! आमच्या गावात पोलीस पाटील वर्दी द्यायचे.

नंदिनी (बालरोगतज्ज्ञ): 'वर्दी' मला पटला, कारण त्यात खात्री होईपर्यंत थांबणं नाही. चार वर्षांचा मुलगा आला होता, दोन दिवसांपासून डावा पाय लुळा. पोलिओ नसावा असं वाटत असूनही मी त्याच दिवशी फोन केला. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की कळवायचं ते लक्षण, निदान नव्हे. सर्वेक्षण अधिकारी दुसऱ्या दिवशी आले. शौचाचे दोन नमुने घेतले, मध्ये चोवीस तास सोडून, कारण विषाणू रोज सारखाच बाहेर पडत नाही. बर्फात घालून ते प्रयोगशाळेत गेले. आजूबाजूच्या लहान मुलांना डोस पाजले. पोलिओ निघाला नाही. साठाव्या दिवशी पाय पुन्हा तपासला, तोवर तो धावत होता.

विलास: पण पोलिओ 2011 नंतर देशात नाहीच. मग लुळेपणा कळवायचा कशाला? आणि 'सर्वेक्षण' म्हणजे घरोघरी मोजणी. इथे 'पाळत' हवा.

नंदिनी: नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण हावड्याचा, जानेवारी 2011. त्यानंतर तसा एकही नाही हे म्हणता येतं ते लुळेपणाचा प्रत्येक रुग्ण तपासला जातो म्हणूनच. एखाद्या जिल्ह्यातून वर्षभर एकही कळवला गेला नाही, तर तिथे लक्ष नाही असं समजतात. दुसऱ्या कारणांनी मुलं लुळी पडतातच.

सुनीता: माझ्या भाच्याचं असंच झालं. दवाखान्याने कळवलं उशिरा, दुसरा नमुना सतराव्या दिवशी घेतला. अहवालात विषाणू नाही आला, तरी साठ दिवसांनी पाय अशक्तच होता आणि प्रकरण तज्ज्ञांच्या समितीकडे गेलं. ताईला कुणी नीट सांगेना, पोलिओ आहे की नाही.

नंदिनी: सुनीताताई, चौदा दिवसांनंतर विषाणू सापडण्याची शक्यता घटते. त्यामुळे 'नाही आला' यावर 'पोलिओ नव्हता' असं ठामपणे म्हणता येत नाही. मग समिती बाकी सगळं पाहून ठरवते. ताईंना ते समजावून सांगायला हवं होतं.

विलास: 'पाळत' मात्र चोरावर ठेवतात, हे आता माझ्याच लक्षात आलं. 'निगराणी' चालेल?

श्रीपाद: निगराणी हिंदी वाटतो. 'नजर ठेवणे' म्हणा.

मेधा: नंदिनीताई, तक्त्यावर 'चौदा दिवस' मोठ्या अक्षरात टाकते. 'वर्दी' मात्र बाईंना पोलिसी वाटेल. 'तात्काळ कळवा' लिहू?

श्रीपाद: 'तत्काळ'! तात्काळ नव्हे.