मदत हवी आहे: इंग्लंडला आल्यापासून शुगर खाली येत नाही

लीड्सवासी: पहिल्या नोकरीसाठी येऊन तीन आठवडे झाले. टाइप वन मधुमेह आहे, इन्सुलिनवर. सुरुवातीला सगळं ठीक होतं, पण गेले पाच दिवस शुगर १७-१८ दाखवतेय. डोस तोच, सकाळी २० आणि रात्री १२. जेवण स्वतःच बनवतो, तेही तसंच आहे. विमानात इन्सुलिन खराब झालं असेल का? सोमवारी कामावर जायचंच आहे, लवकर सांगा.

भातुकली: १७?? आधी चार चमचे साखर खा, मग बाकीचं!

निळावंती: साखर अजिबात खाऊ नका! तिकडचं मीटर मिलीमोलमध्ये सांगतं. १८ने गुणलं की आपला मिलिग्रॅमचा आकडा मिळतो, म्हणजे ही शुगर तीनशेच्या वर आहे. धागाकर्त्याने मीटर कुठलं ते लिहायला हवं होतं.

लीड्सवासी: हो, मीटर इथलंच आहे. पुण्याच्या मीटरच्या पट्ट्या संपल्या.

शेंगदाणा: बाटली चेक-इन बॅगेत होती का? सामानाच्या कप्प्यात गोठू शकते आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत कामाला येत नाही. हलक्या हाताने फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरा थर दिसला, तर टाकून द्या.

लीड्सवासी: हँडबॅगेत होती. गुठळ्या नाहीत.

मधुमालती: विमानात बिघडली असती तर पहिल्या दिवसापासून त्रास झाला असता. पाच दिवसांपूर्वी काय बदललं? सिरिंज? टोपण कोणत्या रंगाचं आहे? आणि बाटलीवर ४० लिहिलंय की १००?

लीड्सवासी: घरून आणलेल्या सिरिंज संपल्या म्हणून इथल्या फार्मसीतून घेतल्या. केशरी टोपण. बाटली पुण्याचीच आहे, ४० लिहिलंय. पण युनिट म्हणजे युनिटच ना?

मधुमालती: इथेच चूक झाली आहे. तुमच्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट आहेत. लाल टोपणाच्या सिरिंजच्या खुणा त्याच हिशेबाने असतात. केशरी सिरिंजच्या खुणा एका मिलीत १०० युनिट धरून छापलेल्या असतात. तिच्यावर २० पर्यंत ओढलं की ०.२ मिली येतं आणि तुमच्या बाटलीतून तेवढ्यात फक्त ८ युनिट जातात. रात्री १२च्या जागी पाचपेक्षाही कमी. पाच दिवस निम्म्याहून कमी इन्सुलिन मिळतंय, शुगर चढणारच.

गणितमित्र: मग सोपं आहे, अडीचने गुणा. २० हवेत तर केशरी सिरिंजवर ५० पर्यंत, १२ हवेत तर ३० पर्यंत.

मधुमालती: गणित बरोबर आहे, पण ही सवय लावू नका. पुढच्या आठवड्यात तिथली १००ची बाटली मिळेल आणि झोपेत हात पुन्हा ५० वर गेला, तर खरोखर ५० युनिट जातील. शुगर एकदम खाली जाऊन ते जीवघेणं ठरू शकतं. बाटली आणि सिरिंज एकाच मापाच्या असाव्यात.

गणितमित्र: आणि तोवर काय, आज रात्री ५ युनिटवर झोपायचं?

मधुमालती: नाही, म्हणूनच आत्ता तिथल्या आरोग्य हेल्पलाइनला, १११ला, फोन करा. टाइप वन, शुगर १८, चुकीच्या सिरिंजमुळे पाच दिवस कमी डोस, एवढं सांगा आणि आजचा डोस त्यांनाच विचारा. राहिलेलं भरून काढायला मनाने जास्त घेऊ नका आणि इन्सुलिन बंदही करू नका. इन्सुलिन कमी पडलं की रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात, ती तपासायची पट्टी आहे का? दीडच्या वर आले तर वाट बघू नका. तीन किंवा जास्त आले, किंवा उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जा.

आजीचाबटवा: रात्री मेथी भिजत घाला, सकाळी पाणी प्या. भात बंद करा. आमच्या यजमानांची निम्मी गोळी सुटली.

निळावंती: ताई, ते टाइप टू असतील. या मुलाचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, मेथीने काय होणार?

शेंगदाणा: गाडी चालवणार असाल तर इन्सुलिनवर असल्याचं तिकडच्या लायसन्स खात्याला, डीव्हीएलएला, कळवावं लागतं.

लीड्सवासी: गाडी नाही हो! फक्त तहान खूप आहे, उलटी नाही. कीटोन पट्टी नाही. फोन करतोय.

लीड्सवासी: अपडेट. १११ने रात्रीच तपासायला बोलावलं. कीटोन ०.९ निघाले. १००चं इन्सुलिन आणि त्याच्या सिरिंज दिल्या, आता शुगर ११. आता केशरीवर २० म्हणजे २०च ना?

मधुमालती: हो, त्यांनी डोस बदलला नसेल तर २०च. जुनी बाटली आजच फ्रीजमधून काढा. आणि जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा मागून परत पाठवलं तर सांगा, की नोंदणीसाठी तो सक्तीचा नाही. भारतातली चिठ्ठी तिथल्या फार्मसीत चालत नाही. एफपी९२ए फॉर्मही मागून घ्या, त्याचं प्रमाणपत्र मिळालं की औषधांचे पैसे द्यावे लागत नाहीत.

लीड्सवासी: दिवाळीला घरी येणार आहे. तेव्हा?

गणितमित्र: तेव्हा उलटं, तिथली बाटली आणि इथली लाल सिरिंज. २० ओढलेत तर ५० जातील.

मधुमालती: म्हणून येताना केशरी सिरिंज पुरेशा आणा. घरात उरलेल्या लाल सिरिंज आईला आत्ताच वेगळ्या ठेवायला सांगा.